टेकलं तर मोजायचं

सरांच्या जिममध्ये एकच कायदा होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. खांद्यावर लोखंडी बार घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठक, मारताना मागे ठेवलेल्या लाकडी खोक्याला बूड टेकलं तर रेप, ती एक उठबस, मोजायचा, नाहीतर नाही. टेकायचं म्हणजे नुसतं शिवायचं, वर ठाण मांडून बसायचं नाही. दंड फुगवून आलेले बाप्ये घामाघूम होऊन म्हणायचे, "सर, झाले की आठ." सर मान वर न करता म्हणायचे, "पाच. बाकीचे तीन तू हवेत बसलास. हवेत बसायचं तर घरी बस, तिथे कोणी मोजत नाही."

सर बोलले की विषय संपला. आमदार आला तरी त्याचा अर्धा रेप पुरा होणार नाही, असं लोक कौतुकानं सांगत. आणि ही गोष्ट त्याच माणसाची, म्हणून तर सांगताना जीभ कडू होते.

खोका मुळात लोकांसाठी केलेलाच नव्हता. तो सरांनी स्वतःच्या हातानं बायकोसाठी ठोकला होता. त्यांच्या बायकोला सगळी जिम वहिनी म्हणायची. सकाळी मॅट पुसणं, टॉवेल वाळत घालणं, कोणी वजनाच्या प्लेटा इकडच्या तिकडे टाकल्या की दात ओठ खात जागेवर लावणं, हे वहिनीचं काम. लग्न होऊन आल्यापासून तिनं हजार वेळा ती लोखंडं पुसली असतील, पण खांद्यावर एकदाही घेतली नव्हती. तिला कोणी घे म्हटलं नाही आणि तिनंही मागितलं नाही.

मग समोरच्या इमारतीत आग लागली. वहिनी फुटपाथवर उभी होती. अग्निशमन दलाची एक बाई, बाईच, हेल्मेटखालून वेणी बाहेर आलेली, एका म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून तीन जिने उतरून आली. त्याला खाली ठेवलं, दोन घोट पाणी प्यायली आणि परत आत गेली.  चार दिवसांनी जेवताना वहिनी म्हणाली, "भरती निघालीय. माझ्या वयाला ही शेवटची. मी अर्ज भरलाय."

सासूबाई म्हणाल्या, "अगोबाई! घरात गॅसची टाकी सरकव म्हटलं की कंबर धरते, आणि ही आगीत शिरणार."

"म्हणूनच तर शिकायचंय," वहिनी म्हणाली. "अहो, शिकवाल ना?"

सरांनी घास गिळला. "न शिकवायला काय झालं?" ते म्हणाले.

लेखी परीक्षेची वहिनीला भीती नव्हती, पळण्याचीही नव्हती. अडचण होती पोत्याची. बुटक्या बाकावर बसायचं, इतक्या बुटक्या की मांड्या गुडघ्यांच्या खाली जातात. खांद्यावर पन्नास किलोचं पोतं ठेवणार. हात न टेकता, कोणाचा आधार न घेता उठायचं आणि पोतं पांढऱ्या रेघेपर्यंत न्यायचं. भरतीच्या कागदावर बाकाची उंची छापलेली होती. सरांनी टेप लावून त्याच उंचीचा खोका ठोकला, चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केला आणि पहिल्या दिवशी वहिनीच्या मागे ठेवला.

"हे बघ," ते म्हणाले, "वजनाच्या मागे धावायचं नाही. एका दमात सहा ते आठ रेप, तो एक सेट. असे तीन सेट. तिन्ही सेटमध्ये सहा नीट निघतील एवढंच वजन घ्यायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. आधी रेप वाढवायचे. आज सहा-सहा-सहा, पुढच्या वेळी सात-सहा-सहा, असं करत करत आठ-आठ-आठ. तिन्ही सेटला आठ झाले की मगच बारवर अडीच किलो. वजन वाढलं की तू परत सहावर घसरशील. घसरू दे, पुन्हा चढ. आधी रेप, मग वजन. चालताना दोन्ही पाय एकदम उचलले तर माणूस तोंडावर पडतो."

"आणि आठ झालेच नाहीत तर?"

"तर त्याच वजनावर राहायचं. फारच अडलं तर थोडं उतरायचं नि परत चढायचं. फसवायचं नाही. बार कोणाचा सासरा नाही लागत."

एक दिवसाआड वहिनी नुसत्या बारनं, म्हणजे वीस किलोनं, स्क्वॉट मारू लागली. त्याच हिशेबानं डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार मांडीपर्यंत उचलायचा. त्याच हिशेबानं छातीवरून बार ढकलणं. पहिले काही दिवस जिना उतरताना ती कठडा धरून उतरायची आणि सासूबाईंना ते बघून भारी समाधान वाटायचं. पण चढली. वीसची साडेबावीस, साडेबावीसची पंचवीस, प्रत्येक वेळी खोक्याला शिवून. सर मागे उभे राहून मोजायचे. नाही टेकलं की नुसतं "हं" म्हणायचे आणि आकडा पुढे जायचा नाही.

त्याच भरतीसाठी एक कॉलेजवाली पोरगी जिममध्ये आली. काटकुळी, चष्मेवाली, तोंडाची फटफटी. तिलाही तोच खोका आणि तेच सहा ते आठ. दोघी आलटून पालटून एकाच बारवर करायच्या, आणि खरं सांगायचं तर वहिनीला तिचा लळा लागला होता.

चाळीस किलोवर वहिनी अडली. सात-सहा-पाच. परत आली, सात-सहा-पाच. पुढच्या वेळी सहा-सहा-पाच. शेवटच्या रेपला खोक्याला टेकून वर येताना मांड्या थरथरायच्या आणि बार तिला तिथेच बसवून ठेवायचा. सर पुढे होऊन बार धरायचे, "हं" म्हणायचे. त्या रात्री भांडी घासता घासता ती रडली. नळ सोडून रडली म्हणजे कोणाला कळणार नाही, पण सरांना कळलं. ते दारात उभे राहिले आणि निघून गेले.

पुढच्या खेपेला खोका नव्हता.

"खोका कुठंय?" वहिनीनं विचारलं.

"तुला आता त्याची गरज नाही," सर म्हणाले. "तुझ्या शरीराला खोली कळली. खोका शिकाऊंना." त्यांनी बारचा स्टँडही फिरवून भिंतीकडे केला. "आणि आरशात बघू नकोस, मान वाकडी होते."

दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. खोका जन्मभर लागत नाही आणि आरशात डोकावलं की मान वळते. खोटं एवढंच होतं की त्या वेळी, त्या बाईला, ते सांगितलं.

त्या दिवशी सात-सात-सहा निघाले. पुढच्या वेळी आठ-सात-सात. मग आठ-आठ-आठ! वहिनीनं बार ठेवला आणि पोरीसारखी टाळी वाजवली. मागून सरांचा आवाज कसा मोकळा येत होता, "सात... आठ! शाब्बास!" अडीच किलो चढले. मग अजून अडीच. जिथे पाऊल निघत नव्हतं तिथून ती पळत सुटली. पन्नास ओलांडली त्या दिवशी तिनं सासूबाईंना उचलून गर्रकन फिरवलं. म्हातारी किंचाळली, मग हसली, मग म्हणाली, "मेले, पदर तरी सावरू दे."

कॉलेजवालीचा मात्र खोका सुटला नाही. ती पस्तिसावर अडली होती. सर तिच्याशी कसायासारखे वागायचे. "टेकलं नाही. चार." "सर, शिवलं होतं हो!" "खोक्याला विचार." शेवटी त्यांनी तिचं वजन पाच किलो उतरवून परत चढायला लावलं. पोरगी कपडे बदलायच्या खोलीत हुंदके देत बसली. वहिनीनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुमचं बरंय ताई," पोरगी नाक पुसत म्हणाली. "पण एक सांगा, तुमचा स्क्वॉट डेडलिफ्टच्या पुढे कसा गेला? माझं तर उलटंच आहे. इथे सगळ्यांचंच उलटं आहे."

डेडलिफ्टचं गणित सरळ असतं. बार जमिनीवरून सुटला तर सुटला, नाहीतर नाही. तिथे कोणाला माया करता येत नाही. वहिनीचा डेडलिफ्ट बावन्न-पंचावन्नच्या आसपास मुंगीच्या पावलांनी चालला होता आणि स्क्वॉट साठाच्या घरात. तिनं घरी हसत हसत सरांना विचारलं. सर बुटांची नाडी सोडत होते. "प्रत्येकाची हाडं वेगळी," ते म्हणाले. नाडीची गाठ बसली होती, ती सोडवत बसले.

परीक्षेच्या आधी वहिनी म्हणाली, "एकदा पोतं घेऊन बघू या का? वाळू भरून, खोक्यावर बसून."

"नसती दुखणी ओढवून घेऊ नकोस ऐन वेळी. बारवर पासष्ट आहेत. पोतं पन्नासचं. चिंता कसली?"

कसली? पासष्टातून पन्नास गेले तर पंधरा उरतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. वहिनी निश्चिंत झोपली.

परीक्षेच्या मैदानावर सर सोबत आले होते, जाळीच्या पलीकडे उभे होते. कॉलेजवालीचा नंबर आधी लागला. बारवर तिचे जेमतेम पंचेचाळीस झाले होते. वहिनीला वाटलं, पोरीचं कसं व्हायचं. पोरगी बाकावर बसली. दोन जवानांनी खांद्यावर पोतं ठेवलं. चष्मा घामानं नाकाच्या शेंड्यावर आला. ती किंचित पुढे झुकली, थरथरली, तोंड लालबुंद झालं आणि उठली. हळूहळू उठली, पण न थांबता उठली. रेघेपलीकडे पोतं टाकून तिथेच बसकण मारली आणि ओरडली, "टेकलं तर मोजायचं!" कोणाला काही कळलं नाही. वहिनी मात्र खळखळून हसली.

मग वहिनी बसली.

बसताक्षणीच तिला कळलं. पोतं अजून खांद्यावर यायचं होतं, तरी कळलं. आपण इतकं खाली कधी बसलो होतो? मांड्या ओळखीच्या जागेच्या पार खाली गेल्या होत्या, जणू जिन्याला आणखी दोन पायऱ्या आहेत आणि त्या कोणी सांगितल्याच नव्हत्या. पोतं आलं. तिनं दम धरला, टाचा रोवल्या, जोर लावला. बाकापासून चार बोटं सुटली आणि धपकन परत बसली. अर्ध्यापर्यंत कोणी पोचवलं असतं तर पुढे ती वाघीण होती, पन्नास काय पासष्ट घेऊन गेली असती. पण त्या अर्ध्यापर्यंत पोचायलाच तिच्या पायांत काही नव्हतं. तिथलं कोणी कमावूनच घेतलं नव्हतं.

"अजून एक संधी," अधिकारी बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता.

दुसऱ्यांदा तीन बोटं सुटली. पोतं उतरवून घेतलं. अधिकारी बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "वय बसत नाही ना पुढच्या वेळी? वाईट वाटतं हो." वहिनीनं जाळीकडे बघितलं. सर तिच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

 वहिनी घरी गेलीच नाही, थेट जिममध्ये गेली. दुपारची वेळ, जिम बंद, आत सगळीकडे रबराचा आणि लोखंडाचा वास. कोपऱ्यातून तिनं खोका ओढत आणला, स्टँडमागे ठेवला, स्टँड आरशाकडे फिरवला. बारवर चाळीस लावले. त्याच चाळीसवर ती अडली होती. खाली गेली, खोक्याला टेकली, एकदा कशीबशी वर आली. दोन. तिसऱ्याला खोक्यावरच बसून राहिली आणि बार मागे सोडून दिला. खण्ण आवाज झाला. मग तिनं पासष्ट लावले, खोका तसाच ठेवून, आणि जसा रोज मारायची तसा एक मारला. आरशात मान वळवून बघितलं. बूड आणि खोका यांच्यामध्ये एक आख्खी बादली मावली असती.

सर दारात उभे होते.

"कॉलेजवालीला तुम्ही रडवलंत," वहिनी म्हणाली. "मला का नाही रडवलंत?"

"ऐक—"

"गल्लीतल्या टवाळ पोराचा अर्धा रेप तुम्ही पुरा धरत नाही. माझे किती धरलेत?"

सर आत आले, बाकड्यावर बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याला हात कुठे ठेवावे कळेना. "तू त्या रात्री नळ सोडून रडलीस," ते म्हणाले. "मला बघवेना. म्हटलं, आजच्या दिवस. थोडं वर असलं तरी आठ म्हणू, तुला बरं वाटेल. तू टाळी वाजवलीस. मग पुढच्या वेळी खरं कसं सांगणार? अडीच चढले की तू आणखी बोटभर वर थांबायचीस. मी म्हणायचो, उद्या सांगू."

"हे झालं एक," वहिनी म्हणाली. "दुसरं सांगा."

"दुसरं काय?"

"मी तुमच्यासोबत संसार केलाय. दुसरं सांगा."

 सर बोलले ते जमिनीकडे बघत. "तू पास झाली असतीस तर सहा महिने ट्रेनिंगला बाहेर. मग ड्युटी, वर्दी, लोकांत नाव. आणि मी? मी इथेच, दुसऱ्यांचे आकडे मोजत. मला कोणी कधी शर्यतीत उभं नाही केलं. देवाशपथ, ठरवून नाही केलं काही. पण खोका उचलून आत ठेवताना... हायसं वाटलं. खोटं नाही बोलत."

"आता नाही बोलत," वहिनी म्हणाली.

तिला वाटलं होतं आपण ओरडू, काहीतरी फेकू. तसं काही झालं नाही. आत सगळं गार पडलं होतं. तिला आठवत होता तो मागून येणारा मोकळा आवाज, सात, आठ, शाब्बास. त्या आवाजावर तिनं किती जीव टाकला होता! नवरा कधी दोन शब्द कौतुकाचे बोलणारा नव्हता. त्या आठ आकड्यांतच तो बोलतो, असं तिला वाटायचं. तो आकड्यांत बोलतच होता, फक्त आकडे खोटे होते.

तिनं प्लेटा उतरवायला घेतल्या. एक एक करून जागेवर ठेवल्या, रोज ठेवायची तशा. बारवर उरले तीस.

"आता काय करतेस?" सर म्हणाले. "परीक्षा तर..."

"परीक्षा संपली. वय संपलं. मला माहीत आहे." तिनं बाकड्याशेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि खोक्याच्या बाजूला, अगदी जवळ ठेवली. "मागे उभं नाही राहायचं. इथे बस. खोका दिसतो का तिथून?"

लग्नापासून ती त्यांना अहो-जाहो करत आली होती. सरांनी ते ऐकलं, चमकले, पण उठून खुर्चीवर बसले.

"मी कुठे जात नाही," वहिनी म्हणाली. "तुला तेच हवं होतं ना? मग आता एक दिवसाआड मी इथे येणार, तू इथे बसणार आणि मोजणार. सहा ते आठ. आठ-आठ-आठ झाले की अडीच. म्हातारी होईपर्यंत. मोज."

तिनं बार खांद्यावर घेतला, दोन पावलं मागे आली, खाली गेली. लाकडाला कापड शिवल्याचा बारीक आवाज आला.

"एक," सर म्हणाले.

दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला ती टेकली आणि रखडत रखडत उठली. सातव्याला खाली गेली, खोक्याच्या जरा वर थांबली, मुद्दाम थांबली, आणि उभी राहिली. आरशातून ती त्यांच्याकडे बघत होती.

सरांचे डोळे भरले होते. त्यांचे ओठ सवयीनं सातच्या आकाराचे झाले, मग मिटले. खाली मान घालून ते म्हणाले, "हं."

"सहा," वहिनी म्हणाली आणि बार स्टँडवर ठेवला. "अजून दोन सेट आहेत. उठू नकोस."